वहीत दिसणारा सोन्याचा नफा सरकारला खर्चता का येत नाही?

प्रश्न : सर, सोन्याचा भाव वाढला म्हणून रिझर्व्ह बँकेला वर्षभरात लाख-दीड लाख कोटींचा फायदा झाला असं वाचलं. मग तो पैसा सरकारला देऊन आमच्या मराठवाड्याच्या पाण्याच्या ग्रिडसारखी कामं का होत नाहीत? ताळेबंदात नफा दिसतो, तर तो पैसा कुठं असतो? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, परभणी)

उत्तर :

तो पैसा कुठंच नसतो. तिजोरीत त्याच विटा असतात आणि वहीत त्यांच्यासमोर लिहिलेला आकडा मोठा झालेला असतो. बँकिंगच्या हिशेबात माझी नोकरीची वर्षं गेली, आणि हा गैरसमज मला चांगल्या शिकलेल्या माणसांतही भेटला आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी नोंद कशी होते ते पाहू. रिझर्व्ह बँक दर आठवड्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी, आणि महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशीही, आपल्या सोन्याची किंमत नव्यानं लावते. लंडनच्या सराफ बाजाराचा डॉलरमधला भाव घ्यायचा, त्याला त्या दिवशीच्या रुपया-डॉलर दरानं गुणायचं आणि येईल त्याच्या नव्वद टक्के धरायचे. ही किंमत आधीच्या किमतीपेक्षा जास्त निघाली, तर फरक दोन ठिकाणी लिहिला जातो. मालमत्तेच्या बाजूला ‘सोनं’ तेवढ्यानं वाढतं आणि दायित्वांच्या बाजूला ‘चलन व सुवर्ण पुनर्मूल्यांकन खातं’ तेवढ्यानंच वाढतं. नोंद इथं संपते. नफा-तोटा पत्रकाला ती शिवत नाही. कोणत्याही बँकेतून, कोणत्याही देशातून, कोणाच्याही खात्यातून एक रुपया आलेला नसतो.

आता खरे आकडे घेऊ. ३१ मार्च २०२४ ला रिझर्व्ह बँकेकडे एकूण ८२२.१० टन सोनं होतं. त्यातलं ३०८.०३ टन चलनी नोटांच्या पाठीशी ठेवलेलं, म्हणजे निर्गम विभागाकडे, आणि उरलेलं ५१४.०७ टन बँकिंग विभागाकडे. या दुसऱ्या हिश्श्याची ताळेबंदातली किंमत सुमारे २,७४,७१४ कोटी रुपये होती. वर्षानं, ३१ मार्च २०२५ ला, बँकिंग विभागाचं सोनं ५६८.२० टन झालं आणि किंमत सुमारे ४,३१,६२५ कोटी. म्हणजे किंमत सत्तावन्न टक्क्यांनी वाढली. ‘दीड लाख कोटींचा फायदा’ अशा बातम्या होतात त्या असल्या आकड्यांतून.

पण हा फरक सोडवून बघा. पहिल्या तारखेला टनामागे सुमारे ५३४ कोटी रुपये पडतात, दुसऱ्या तारखेला सुमारे ७६० कोटी. टनामागे वाढ सव्वादोनशे कोटींची. आधीपासून असलेल्या ५१४ टनांवर ही वाढ होते सुमारे १ लाख १६ हजार कोटी. राहिलेले ४१ हजार कोटी म्हणजे वर्षभरात नव्यानं आलेल्या ५४ टनांची वर्षअखेरची किंमत. त्यातला बराचसा भाग तर बँकेनं स्वतः पैसे मोजून घेतलेला माल आहे, तो फायदा कसला? म्हणजे दीड लाख कोटींची ‘वाढ’ मुळात दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज आहे. एका भागात पैसे बाहेर गेले आणि सोनं आत आलं. दुसऱ्या भागात काहीच आलं-गेलं नाही, फक्त भाव बदलला. निर्गम विभागाचं सोनं धरलं तर जुन्या साऱ्या ८२२ टनांवरची भाववाढ सुमारे १ लाख ८५ हजार कोटींवर जाते. तिच्यातलाही एक पैसा हातात आलेला नाही. जाता जाता सांगतो, या वाढीत रुपया घसरल्याचा वाटा लहान होता. मोठा वाटा लंडनच्या डॉलर-भावाचा.

नव्वद टक्क्यांचं काय, असं वर्गात कोणीतरी विचारतंच. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३३ मध्ये म्हटलं आहे की सोन्याची किंमत आंतरराष्ट्रीय बाजारभावापेक्षा जास्त धरता येणार नाही. दहा टक्के खाली धरणं ही त्यावरची खबरदारी. तिचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. बँकेनं आज टनभर सोनं ८५० कोटींना विकत घेतलं आणि येत्या शुक्रवारी बाजारभाव तोच राहिला, तर वहीत त्याची किंमत ७६५ कोटी लागणार. भाव पैशानं हलला नाही, तरी ८५ कोटी पुनर्मूल्यांकन खात्यातून वजा. हा तोटा जसा खरा नाही, तसाच भाव वाढल्यावर दिसणारा नफाही खरा नाही. हे उदाहरण एकदा नीट समजलं की पुढचं सोपं जातं.

आता सरकारला पैसा जातो कुठून? कलम ४७ सांगतं की बुडीत येणी, घसारा, कर्मचाऱ्यांचे निधी आणि बँका नेहमी करतात तशा इतर तरतुदी केल्यावर जो नफा उरेल तो केंद्र सरकारला द्यायचा. २०२४-२५ साठी ही रक्कम सुमारे २ लाख ६९ हजार कोटी होती. त्याच वर्षी सोनंही उसळलं होतं, म्हणून लोकांनी दोन्ही जोडलं आणि सोन्याच्या नफ्यातून सरकारला पैसे गेले असं पसरलं. पण ही रक्कम येते रोख्यांवरच्या व्याजातून आणि परकीय चलनाच्या प्रत्यक्ष विक्रीतून. त्या वर्षी नुसत्या परकीय चलनाच्या व्यवहारांतला फायदा सुमारे १ लाख ११ हजार कोटी होता.

इथं थांबून डॉलर आणि सोनं यांतला फरक पाहण्यासारखा आहे, कारण डॉलरचंही पुनर्मूल्यांकन होतं आणि तेही याच खात्यात जातं. रुपया घसरला की न विकलेल्या डॉलरवरचा वहीतला फायदा खात्यात पडून राहतो, सोन्यासारखाच. पण बँकेनं डॉलर बाजारात विकले की चित्र बदलतं. समजा सरासरी खरेदी किंमत सत्तर रुपयांची आणि विक्री पंच्याऐंशीला झाली. घेणाऱ्या बँकेनं पंच्याऐंशी रुपये खरोखर मोजले, तेवढे रुपये बाजारातून रिझर्व्ह बँकेकडे परत आले. त्यातले पंधरा हा कमावलेला नफा, आणि तो नफा-तोटा पत्रकात जातो. पुढं ही रक्कम सरकारला दिली, तर बाजारातून आधी काढून घेतलेल्या रुपयांचाच एक भाग पुन्हा बाजारात जातो. सोन्याच्या भाववाढीत असे रुपये कोणी दिलेलेच नसतात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख इथंच आहे.

बिमल जालान समितीनं २०१९ मध्ये हीच रेघ स्पष्ट आखली. बँकेचं भांडवल दोन भागांत बघायचं, एक कमावलेलं आणि दुसरं पुनर्मूल्यांकनातून दिसणारं. दुसऱ्याचा उपयोग फक्त बाजारातल्या चढ-उताराची झळ सोसण्यासाठी, वाटपासाठी नाही. मार्च २०२४ अखेर चलन व सुवर्ण पुनर्मूल्यांकन खात्यात सुमारे ११ लाख ३१ हजार कोटी होते. हा आकडा पाहून कोणाचेही डोळे विस्फारतील. पण ती उशी आहे, आणि उशी लागते कारण भाव खालीही येतो. जानेवारी १९८० मध्ये लंडनला सोनं औंसाला ८५० डॉलर होतं, जुलै १९९९ मध्ये २५३ च्या आसपास. सप्टेंबर २०११ मध्ये १,८९५, आणि डिसेंबर २०१५ मध्ये १,०५० च्या खाली. भाव पडला की तीच नोंद उलटी होते, सोनं कमी आणि खातं कमी. खातंच उणे झालं तर मात्र आकस्मिकता निधीला हात लावावा लागतो, आणि तो निधी बँकेनं खऱ्या नफ्यातून बाजूला काढलेला असतो. म्हणजे वर जाताना नफा धरायचा नाही, पण खाली जाताना उशी संपली तर तोटा सोसायचा. हा दुजाभाव मुद्दामच ठेवलेला आहे, आणि तो असायलाच हवा.

युरोपातही नियम याच धाटणीचा आहे. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेकडे तीन हजार तीनशे टनांहून जास्त सोनं आहे आणि त्यावरचा वहीतला फायदा प्रचंड आहे. तरी २०२४ साली तिनं १९.२ अब्ज युरोचा तोटा जाहीर केला. तो तोटा व्याजाचा होता, आणि सोन्याच्या भाववाढीतून तो भरून काढता आला नाही.

तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतो आहे. कायदा बदलून ते खातं सरकारकडे वळतं केलं तर? हे कागदावर करता येतं. काय होईल ते बघू. समजा एक लाख कोटी दिले. पुनर्मूल्यांकन खातं एक लाख कोटींनी नावे, सरकारचं खातं तेवढ्यानं जमा. सरकारनं बीडच्या, जालन्याच्या ठेकेदारांची बिलं चुकती केली. ठेकेदारांच्या बँकांची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक एक लाख कोटींनी वाढली. सोनं? ते जागचं हललेलं नाही. म्हणजे पाण्याचे पाइप सोन्यानं घेतले गेले नाहीत, नव्यानं निर्माण केलेल्या रुपयांनी घेतले गेले. एवढा जादा रुपया तसाच सोडला तर व्याजदर आणि महागाई हाताबाहेर जाते, म्हणून रिझर्व्ह बँकेला तो बँकांकडून परत शोषून घ्यावा लागतो आणि त्यावर व्याज द्यावं लागतं. पाच टक्के धरले तरी वर्षाला पाच हजार कोटी, दरवर्षी. बदल्यात तिजोरीतल्या विटा व्याज देत नाहीत. म्हणजे जो नफा हातात आलाच नाही, त्यापायी हातातला खरा पैसा जात राहतो. आणि दोन वर्षांनी भाव पडला तर उशी आधीच वाटून झालेली असते.

याचा सगळ्यात बोलका पुरावा आपल्याच देशात आहे, आणि तो विद्यार्थ्यांना फार कमी सांगितला जातो. ऑक्टोबर १९९० पर्यंत रिझर्व्ह बँकेच्या वहीत सोन्याचा भाव दहा ग्रॅमला ८४ रुपये ३९ पैसे होता. वर्षानुवर्षं गोठवलेला, बाजाराशी काही संबंध नसलेला भाव. १७ ऑक्टोबर १९९० पासून बाजारभावाच्या नव्वद टक्क्यांनी किंमत धरायला सुरुवात झाली. मार्च १९९० ला परकीय गंगाजळीतलं सोनं २८१ कोटींचं दिसत होतं, मार्च १९९१ ला ६,८२८ कोटींचं. चोवीस पट! सोन्याचं वजन जवळपास तेवढंच, सुमारे ३३३ टन. तुम्ही स्वतः करून बघा : ३३३ टनांना ८४.३९ च्या भावानं गुणलं की २८१ कोटी बरोबर येतात.

वहीतला फायदाच पैसा असता, तर १९९१ चं संकट आलंच नसतं. पण जून १९९१ मध्ये देशाकडे परकीय चलन उरलं होतं सुमारे ११० कोटी डॉलर, दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. सोन्याची वहीतली किंमत चोवीस पट झाली, पण तेलाच्या जहाजाचे पैसे देताना तिचा उपयोग शून्य. शेवटी जे करावं लागलं ते सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत सरकारचं जप्त केलेलं २० टन सोनं पुन्हा विकत घेण्याच्या अटीवर परदेशात विकून सुमारे २० कोटी डॉलर आणले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं ४६.९१ टन सोनं विमानानं बाहेर पाठवलं आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले.

या दुसऱ्या व्यवहारात जरा बारकाईनं बघा. त्या वेळी औंसाचा भाव ३६८ डॉलरच्या आसपास होता. एका टनात सुमारे ३२,१५१ औंस, म्हणजे ४६.९१ टनांची बाजारातली किंमत होते साधारण ५५ कोटी डॉलर. मिळाले ४० कोटी, म्हणजे तीन-चतुर्थांशाच्या आतच. लातूरच्या मोंढ्यात भाव चढला म्हणून वखारीत ठेवलेल्या सोयाबीनवर मुलीच्या लग्नाचा मांडव उभा राहत नाही. पोतं विकावं लागतं, नाहीतर पावती तारण ठेवून सत्तर-पंचाहत्तर टक्के उचलावे लागतात, आणि उचललेलं कर्ज असतं, फायदा नसतो. १९९१ मध्ये देशानं केलं ते हेच. ते ४० कोटी डॉलर नफा नव्हते, फेडायचं कर्ज होतं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत ते फेडलं.

एक प्रामाणिक आक्षेप राहतो. अमेरिकेनं १९३४ मध्ये सोन्याचा भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ केला आणि त्यातून झालेला सुमारे २.८ अब्ज डॉलरचा ‘नफा’ सरकारनं खरंच वापरला, त्यातले २ अब्ज विनिमयदर सांभाळण्याच्या निधीत टाकले. मग आपल्याला का नाही? कारण तिथं दोन गोष्टी वेगळ्या होत्या. सोनं आधीच सरकारच्या ताब्यात घेतलेलं होतं आणि ३५ हा भाव खुद्द सरकारनं ठरवला होता. त्या भावानं सोनं घ्यायला अमेरिकी तिजोरी स्वतः तयार होती, म्हणून तो उद्या २५ होईल ही भीती नव्हती. आज लंडनचा भाव कोणत्याही मध्यवर्ती बँकेच्या हातात नाही. आणि तिथंही सोनं विकलं गेलं नव्हतं. तिजोरीनं सुवर्ण प्रमाणपत्रं मध्यवर्ती बँकेला दिली आणि बँकेनं त्या बदल्यात नवे डॉलर सरकारच्या खात्यात जमा केले. मंदीनं गारठलेल्या, भाव कोसळलेल्या अर्थव्यवस्थेत नवा पैसा हवाच होता. याच अमेरिकेच्या वहीत आज सोन्याचा भाव औंसाला ४२.२२ डॉलर आहे, १९७० च्या दशकात गोठवलेला. तो बाजारभावावर आणा अशी मागणी तिथं अधूनमधून होते. तसं केलं तरी होईल ते वर सांगितलंच : नवे डॉलर, जुन्याच विटा.

आता बातमी वाचताना काय बघायचं ते सांगतो. रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी परकीय गंगाजळीचा तक्ता देते, त्यात सोन्याची किंमत असते. ती वाढली असेल तर सोन्याचे टन वाढले का ते शोधा. टन तेवढेच असतील तर सगळी वाढ भावाची. टन वाढले असतील तर वर मी केली तशी फोड करा, जुन्या टनांवरची भाववाढ वेगळी आणि नव्या मालाची किंमत वेगळी. वार्षिक अहवालात पुनर्मूल्यांकन खातं दायित्वांच्या बाजूला सापडेल, आणि सरकारला दिलेली रक्कम नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी. पहिला आकडा दुसऱ्यात मिसळून कोणी ‘सोन्यातून सरकारला इतके कोटी’ असं लिहिलं असेल, तर त्याला एकच विचारा : त्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं किती टन सोनं विकलं? उत्तर ‘विकलंच नाही, उलट घेतलं’ असं असेल, तर ती रक्कम सोन्यातून आलेली नाही.